रानात न्हायचं म्हणजे नेमकं करायचं काय?



दिवाळीनंतरची गोष्ट आहे. बार्शीटाकळी तालुक्यातल्या एका गावात बचत गटाची बैठक होती. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या आणि उठता उठता एका ताईंनी मोबाइलवर आलेला व्हिडिओ सगळ्यांना दाखवला. जपानमधले लोक जंगलात जाऊन 'आंघोळ' करतात आणि त्यांचे आजार पळून जातात, असं त्यात सांगितलं होतं. गटात एक मावशी आहेत. हिवाळाभर त्या सरपणासाठी रानात जातात, उन्हाळ्यात मोहफुलं वेचतात. त्या लगेच म्हणाल्या, "मंग आमी त रोजच आंघोळ करून राह्यलो बाप्पा! आमचं बीपी काहून कमी होत नाही?"

सगळ्या हसल्या, मीही हसले. पण मावशींचा प्रश्न अगदी बरोबर होता. रोज रानात जाणारी बाई आणि तिकडे रानात न्हाणारा जपानी माणूस, दोघं झाडांखालीच असतात. मग फरक कुठे पडतो? त्यावर मी थोडं वाचलं आणि नंतर आम्ही आठ जणींनी ते करूनही पाहिलं. तेच आज सांगते.

आधी शब्द बघू. जपानी शब्द आहे 'शिनरिन-योकू'. त्याचे तीन तुकडे पडतात : शिन, रिन आणि योकू. जपानी लिपीत पुष्कळ अक्षरं चित्रांसारखी असतात. झाडासाठी एक अक्षर आहे, उभं खोड आणि बाजूला पसरलेल्या फांद्या असं. तेच अक्षर दोनदा शेजारी शेजारी काढलं की होतं 'रिन', म्हणजे झाडांची राई. दोन झाडं खाली आणि त्यांच्यावर एक, असं तीनदा काढलं की 'शिन', म्हणजे दाट रान. शिन आणि रिन मिळून झालं जंगल. उरला 'योकू'. त्या अक्षरात एका बाजूला पाण्याची खूण आहे आणि दुसऱ्या बाजूला दरीची. त्याचा अर्थ न्हाणं, अंगावर घेणं.

मग पाणी कुठे आहे? पाणी नाहीच. जपानीत उन्हात बसण्यालाही असाच शब्द आहे, त्यातही शेवटी 'योकू' येतं. म्हणजे ऊन अंगावर घेणं. आपण त्याला 'ऊन खाणं' म्हणतो. थंडीत म्हातारी माणसं ओट्यावर बसून ऊन खातात, संध्याकाळी माणूस हवा खायला जातो. आपण ऊन आणि हवा खातो, जपानी माणूस त्यात न्हातो, एवढाच भाषेचा फरक. ऊन खाताना आपण काय करतो ते आठवा. काहीच करत नाही. पाठ उन्हाकडे करून नुसतं बसतो, बाकीचं काम ऊन करतं. 'योकू'मध्ये हेच अपेक्षित आहे. पहिली किल्ली इथे आहे.

हा शब्द फार जुना नाही, बरं का. व्हिडिओत तो हजारो वर्षांची परंपरा म्हणून सांगितला होता. जपानी लोकांचं झाडांवरचं प्रेम जुनं आहे, पण 'शिनरिन-योकू' हा शब्द 1982 साली तिथल्या सरकारी वन खात्याने रूढ केला. तेव्हा तोमोहिदे आकियामा हे त्या खात्याचे प्रमुख होते. शहरात कामाने आणि ताणाने पिचलेल्या लोकांनी जंगलात यावं, आणि लोक आले की जंगलंही जपली जातील, असा दुहेरी विचार त्यामागे होता. पहिला कार्यक्रम नागानो प्रांतात आकासावाच्या रानात झाला. तिथे हिनोकी नावाची तीन-तीनशे वर्षांची उंच झाडं आहेत. म्हणजे शब्द आधी आला. त्याचा शरीरावर काय परिणाम होतो हे मोजायला शास्त्रज्ञ नंतर आले.

त्यांनी मोजलं कसं, ते समजून घेण्यासारखं आहे. जपानमधल्या 24 रानांत मिळून 280 तरुणांवर एक प्रयोग झाला. प्रत्येक ठिकाणी बारा जण घेतले. पहिल्या दिवशी सहा जणांना रानात पाठवलं आणि सहा जणांना शहरात. दुसऱ्या दिवशी अदलाबदल केली. दोन्हीकडे त्यांना थोडा वेळ चालायला लावलं आणि थोडा वेळ नुसतं बघत बसायला लावलं. आधी आणि नंतर नाडी, रक्तदाब आणि लाळ तपासली. ताण वाढला की शरीरात कॉर्टिसोल नावाचं द्रव्य वाढतं आणि ते लाळेत सापडतं. तोच माणूस रानात गेला तेव्हा त्याचं कॉर्टिसोल, नाडी आणि रक्तदाब हे तिन्ही शहरातल्यापेक्षा कमी निघाले. माणसं तीच, चालणं तेवढंच, फक्त जागा वेगळी. म्हणून या प्रयोगाला वजन आहे.

पण मावशींच्या बीपीचं काय? त्या प्रयोगात वरचा रक्तदाब जो कमी भरला, तो दोन टक्क्यांच्या आत होता. हिशेब करून बघा. कोणाचं वरचं बीपी 150 असेल तर दोन टक्के म्हणजे 3. दीडशेचं एकशे सत्तेचाळीस. फरक खरा आहे, पण गोळी बंद करण्याएवढा नाही. शिवाय ती सगळी तरुण, निरोगी मुलं होती. आपल्या वयाच्या, बीपी-शुगरच्या बायका त्यात नव्हत्या. म्हणून रानात बसून बरं वाटलं तरी गोळी चालूच ठेवायची आणि तपासणीची तारीख चुकवायची नाही.

दुसरा प्रयोग बायकांवरच झाला. चिंग ली नावाच्या डॉक्टरांनी 13 नर्सना तीन दिवस आणि दोन रात्री रानात नेलं. पहिल्या दिवशी दुपारी दोन तास फिरणं, दुसऱ्या दिवशी सकाळी दोन तास आणि दुपारी दोन तास, एवढाच कार्यक्रम. रोगांशी लढणाऱ्या ज्या पेशी रक्तात असतात, त्यांतल्या एका जातीचं काम त्यांच्यात वाढलेलं दिसलं आणि आठवडाभरानंतरही ते टिकून होतं. व्हिडिओत 'कॅन्सर बरा होतो' असं जे म्हटलं होतं, त्याचं मूळ अशा प्रयोगांत आहे. पण या 13 जणी ठणठणीत होत्या. कॅन्सरच्या रोग्यावर कोणी रानात उपचार केले नव्हते. आणि या नर्स तीन दिवस ड्युटीवर नव्हत्या, स्वयंपाक करत नव्हत्या, हेही आपण बायकांनी लक्षात घ्यायला हवं.

आणखी एक गैरसमज. झाडांखाली जास्त ऑक्सिजन मिळतो म्हणून बरं वाटतं, असं आपण सहज म्हणतो. उघड्या हवेत ऑक्सिजन सगळीकडे शंभरात एकवीस भाग असतो, अकोल्याच्या बसस्टँडवरही आणि मेळघाटातही. रानातली हवा वेगळी असते ती धूळ-धूर कमी म्हणून, सावलीचा गारवा म्हणून आणि झाडांच्या वासामुळे. हिनोकीसारखी झाडं हवेत वासाची द्रव्यं सोडतात आणि जपानी शास्त्रज्ञांनी त्यांच्यावर बरंच काम केलं आहे. आपल्याकडचं रान सागाचं, धावड्याचं, ऐनाचं, तेंदूचं. हिनोकीचे आकडे सागाला चिकटवू नयेत.

आता मुख्य भाग. माणसाने प्रत्यक्ष करायचं काय? ऐकायला सोपं आहे, करायला अवघड.

पहिली गोष्ट, हात रिकामे ठेवायचे. मोबाइल बंद करून पिशवीत. विळा नको, दोरी नको, पोतं नको. दुसरी गोष्ट, वेळ. दोन तास ठेवायचे. तेवढे नसतील तर अर्धा तास चालेल, पण तो पूर्ण आपला हवा. तिसरी गोष्ट, चाल. चिंग ली सांगतात की दोन तास असतील तर अडीच किलोमीटरच्या वर जाऊ नका. आपण वावरात जाताना तासाला चार-पाच किलोमीटर चालतो, म्हणजे दोन तासांत आठ-दहा. इथे त्याच्या पाव हिस्सा. दमल्यासारखं वाटलं की बसायचं, तहान लागली की पाणी प्यायचं. घाम गाळायचा नाही, हा व्यायाम नाही.

चौथी गोष्ट म्हणजे एकेका इंद्रियाला काम देणं. आधी थोडा वेळ नुसतं उभं राहायचं आणि श्वास सावकाश सोडायचा. मग डोळे : काय हलतंय ते बघायचं. मग कान : सगळ्यात जवळचा आवाज कोणता आणि सगळ्यात लांबचा कोणता. मग नाक : ओल्या मातीचा, वाळल्या पानांचा वास. मग हात : खोडावर तळवा ठेवायचा, साल खरखरीत आहे का, कोणत्या बाजूने ऊबदार आहे. चवीसाठी रानातलं काही तोंडात घालायचं नाही, घरून आणलेला चहा सावकाश प्यायचा. आणि शेवटची गोष्ट, एक जागा निवडून पंधरा-वीस मिनिटं एकटीने, न बोलता बसायचं. झाडाला मिठी मारा, मंत्र म्हणा, डोळे मिटून ध्यान करा असं काही त्यात नाही. मन भरकटलं, उद्याच्या हप्त्याकडे गेलं, तर ती चूक नव्हे. लक्षात आलं की परत एखादा आवाज धरायचा.

डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही आठ जणी गेलो. काटेपूर्णा अभयारण्य जवळ असलं तरी आत गेलो नाही. तिथे बिबट्या आहे, रानडुक्कर आहे, आणि वन खात्याच्या परवानगीशिवाय पायी हिंडता येत नाही. आणखीही एक कारण आहे. भीती वाटत असली की कान आवाज ऐकत नाहीत, धोका शोधतात. अशा मनाने शरीर सैल पडत नाही. म्हणून गावाजवळच्या नाल्याकाठची जुनी राई निवडली. अर्जुनाची चार मोठी झाडं, कडुनिंब, आंबे आणि थोडा बांबू. दिवसाउजेडी, घरी सांगून, सोबतीने. बसायचं तेव्हा एकमेकींपासून वीस-पंचवीस पावलांवर, पण सगळ्या एकमेकींना दिसतील अशा.

पहिली पंधरा मिनिटं पार बिघडली. दोघी कुजबुजत होत्या, एकीने फोटो काढला. मावशी तर दर दहा पावलांना वाकून काटक्या उचलत होत्या आणि काखेत मोळी जमवत होत्या. मी म्हटलं, "मावशी, आज सरपण नाही." त्या म्हणाल्या, "हातच थांबत नाही माय, मी काय करू?" त्यांनी काटक्या एका झाडाशी ठेवल्या आणि परत फिरताना घेऊ म्हणाल्या.

इथेच त्यांच्या प्रश्नाचं उत्तर होतं. सरपणाला गेलेली बाई झाड बघत नाही, वाळलेली फांदी बघते. मोहफुलं वेचणारी खाली जमीन बघते. डोक्यावर ओझं, मनात घड्याळ, कानात वनरक्षकाच्या मोटारसायकलचा आवाज येतो का याची धास्ती. ती रानात असते, पण तिचं शरीर कामावर असतं. त्या नर्स आणि ती तरुण मुलं रानात कामाला गेली नव्हती.

मग आम्ही बसलो. पहिल्यांदा कंटाळा येतो, हे आधीच सांगून ठेवते. पाय आखडतात, मुंगी चढते, उगाच राग येतो. सात-आठ मिनिटांनी सातभाई पाखरं, जी आम्ही आलो तेव्हा ओरडत उडून गेली होती, परत खाली उतरून पानं उलटीपालटी करायला लागली. पाखरं परत आली म्हणजे आपण पुरेशा शांत झालो, ही सोपी खूण आहे. दुसरी खूण आपल्या अंगावर दिसते : खांदे कानांपासून खाली येतात, श्वास लांब होतो. आणि उठल्यावर स्वतःला विचारायचं, मी वेगवेगळे तीन आवाज सांगू शकते का? एकही आठवत नसेल तर आपण त्या वेळात रानात नव्हतो, घरातच होतो. त्यात लाजायचं काही नाही, पुढच्या वेळी परत बसायचं.

चहा घेताना एकेकीने काय दिसलं ते सांगितलं. एकीला लांबवरची पिठाची गिरणी ऐकू आली होती. एकीला फक्त झोप आली, आणि तिला तीच हवी होती. मावशी अर्जुनाखाली बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "या झाडाची साल अशी पांढरी-गुलाबी हाय, हे मी वीस वर्सांत पाह्यलंच नोतं. इथूनच त जातो मी रोज."

तुम्हाला जायचं असेल तर थोडी काळजी घ्या. आपल्या वऱ्हाडात पावसाळ्यानंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ बरा. पुढे साग पानं गाळतो, सावली उरत नाही आणि एप्रिल-मे च्या उन्हात रानात बसणं म्हणजे उष्माघाताला बोलावणं. दिवाळीच्या सुमारास वेलींवर खाजकुइलीच्या शेंगा असतात, त्यांची लव अंगाला लागली तर आग होते. बिब्याच्या फळाचं तेल कातडी भाजतं. म्हणून हात लावायचा तो ओळखीच्याच झाडाला. गवतात बसण्याआधी काठीने आपटून बघा, सतरंजी टाका. रान जवळ नसेल तर शेताच्या धुऱ्यावरचे दोन कडुनिंब, एखादी आमराई किंवा गावातलं मोठं वडाचं झाडही चालतं. जपानी लोकही शहरातल्या बागेत हे करतात.

सगळ्यात मोठी अडचण मात्र यातली कोणतीच नव्हती. आम्ही परतलो तेव्हा एका ताईंच्या सासूबाईंनी दारातच विचारलं, "दोन घंटे गेली होती, काय आणलं?" ताईंनी रिकामे हात दाखवले. रिकाम्या हाताने घरी येणं आपल्याला कोणी शिकवलेलं नाही आणि ते आपल्यालाच सगळ्यात जास्त टोचतं. पुढच्या बैठकीत आम्ही एवढंच ठरवलं की महिन्यातल्या एका रविवारी चौघींनी जायचं, आणि त्या दोन तासांत उरलेल्या चौघींनी त्यांची लेकरं सांभाळायची. पुढच्या महिन्यात अदलाबदल. जपानी शास्त्रज्ञांनी केली होती तशीच. सासूबाईंनाही बोलावलं आहे.

मावशींच्या त्या काटक्या? त्या झाडाशीच राहिल्या. परत येताना घ्यायच्या विसरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन त्यांनी त्या आणल्या. चूल तर पेटवावीच लागते.